एका घराचा कार्बन फूटप्रिंट: कराडजवळच्या पाच माणसांच्या घराचा पूर्ण हिशेब

अकरावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय शिकवताना घराच्या कार्बन फूटप्रिंटचा प्रकल्प दरवर्षी कुणी ना कुणी घेतं. बहुतेक वह्यांमध्ये तक्ता असतो, बेरीज असते आणि शेवटी सूचनांची यादी असते: झाडे लावा, दिवे बंद करा, इंडक्शन वापरा. वरच्या तक्त्याचा आणि खालच्या यादीचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इथे मी एका विद्यार्थिनीचा प्रकल्प सविस्तर मांडतो आहे, कारण तिने प्रत्येक सूचना त्याच तक्त्यातून पुन्हा काढून पाहिली आणि त्यातल्या दोन नेहमीच्या सूचना चक्क उलट्या निघाल्या.

घर कराडजवळच्या एका गावातलं. आजी, आई, वडील, ती आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसं. दोन दुचाकी, एक फ्रिज, चार पंखे, गॅस, अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल आणि गोठ्यात एक म्हैस. वडील एमआयडीसीत कामाला जातात. ती स्वतः कॉलेजला एसटीने येते. शेती थोडी आहे, पण ती हिशेबात धरली नाही. शेतीपंपाची वीज, खत, ऊस हे सगळं बाजूला ठेवलं, कारण ते घरखर्चात नाही, धंद्यात येतं. म्हशीला मात्र असं बाजूला ठेवता आलं नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

आधी हद्द ठरवायची, मग मोजायचं, हा क्रम फार महत्त्वाचा. हद्द म्हणजे काय मोजणार आणि काय सोडणार. तिने ठरवलं की घरात जळणारं इंधन, घरात येणारी वीज, घरच्यांचा रोजचा प्रवास आणि घरात प्यायलं जाणारं दूध एवढंच मोजायचं. किराणा, कपडे, मोबाईल, घर बांधताना लागलेलं सिमेंट सोडून द्यायचं. सोडलं ते वहीत पहिल्याच पानावर लिहिलं. असं लिहून ठेवलं नाही तर शेवटी मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

विजेचं बिल वाचताना

वीज सगळ्यांत सोपी वाटते आणि चूकही तिथेच होते. तिने बारा महिन्यांची बिलं काढून युनिट बेरजेला घेतली तर १,५६० आली. महिन्याला १३० युनिट. पण बिलं नीट पाहिली तर लागोपाठ दोन महिने रीडिंग घेतलेलंच नव्हतं. त्या दोन्ही महिन्यांत सरासरी १२० युनिट लावली होती. तिसऱ्या महिन्यात रीडिंग मिळालं तेव्हा त्या बिलावर तिन्ही महिन्यांची मिळून युनिट आली. सरासरीचे पैसे त्यात वळते केले होते, त्यामुळे बिलाची रक्कम बरोबर होती, पण युनिटची बेरीज करणाऱ्याने ती २४० युनिट दोनदा मोजली होती.

म्हणून बिलांची बेरीज करूच नये. बिलावर 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' असे दोन रकाने असतात. वर्षापूर्वीचं एक खरं रीडिंग आणि आजचं खरं रीडिंग घ्यायचं, वजाबाकी करायची, गुणक अवयव १ आहे ना हे पाहायचं. तिची वजाबाकी १,३२० युनिट आली. महिन्याला ११०.

आता या युनिटला किती कार्बन डायऑक्साइड लावायचा? केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा दरवर्षी जाहीर करतं. गेल्या काही वर्षांत तो युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. आम्ही ०.७२ धरला. मुलं इंटरनेटवरच्या परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये आपली युनिट टाकतात तेव्हा तिथे इंग्लंड किंवा युरोपातल्या ग्रिडचा आकडा बसवलेला असतो आणि तो याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. हा एक आकडा चुकला की पुढच्या सगळ्या सूचना चुकतात, हे या प्रकल्पात स्पष्ट दिसलं.

एक मर्यादा तिने टिपेत लिहिली. ०.७२ हा आकडा वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या युनिटचा आहे. तारांमधून घरापर्यंत येताना काही वीज वाया जाते, ती यात नाही. म्हणजे विजेचा खरा भार तक्त्यापेक्षा थोडा जास्तच असणार.

गॅस, पेट्रोल, एसटी

गॅसच्या टाकीत १४.२ किलो एलपीजी असतो. वर्षात किती टाक्या आल्या हे मोजण्यापेक्षा टाकी लावल्याची तारीख घ्यावी, कारण वर्ष संपताना एक टाकी अर्धी असतेच. त्यांच्याकडे लावल्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहायची सवय होती. आठ टाक्या ३८४ दिवस पुरल्या. त्यावरून वर्षाला १०८ किलो. एक किलो एलपीजी जळला की २.९८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. जळणाऱ्या वस्तूपेक्षा धुराचं वजन जास्त कसं, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि वजन तिथून येतं.

पेट्रोलसाठी वडिलांच्या फोनमधले पंपावरचे व्यवहार काढले. रक्कम भागिले त्या वेळचा दर, म्हणजे लिटर. गाडीच्या किलोमीटरवरूनही ताळा घेतला. मोटारसायकल वर्षाला ९,२०० किलोमीटर, लिटरला ५०, म्हणजे १८४ लिटर. आईची स्कूटर २,४०० किलोमीटर, लिटरला ४०, म्हणजे ६० लिटर. एकूण २४४ लिटर.

शुद्ध पेट्रोल लिटरला साधारण २.२७ किलो कार्बन डायऑक्साइड देतं. पण आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल ऊस किंवा मक्यासारख्या पिकांपासून होतं आणि त्यातला कार्बन त्या पिकाने त्याच वर्षी-दोन वर्षांत हवेतून घेतलेला असतो. म्हणून तो पेट्रोलसारखा मोजत नाहीत, वेगळा लिहितात. २४४ लिटरमधलं खरं पेट्रोल १९५ लिटर. त्याचे ४४३ किलो.

एसटीचं गणित तिने मुळापासून केलं. मुलींना बारावीपर्यंतचा पास मोफत असल्याने तिकिटाच्या पैशांवरून काही काढता येत नव्हतं. येऊन-जाऊन २२ किलोमीटर, वर्षाला २१० दिवस. गाडी डिझेलच्या लिटरला साडेचार किलोमीटर जाते आणि सरासरी ४० प्रवासी असतात असं धरलं. डिझेलचे लिटरला २.६८ किलो. माणशी किलोमीटरला १५ ग्रॅम आले. वर्षाचे ६९ किलो. सकाळच्या गाडीत साठ-सत्तर जण उभे-बसलेले असतात, म्हणजे हा आकडा प्रत्यक्षात आणखी खाली जाईल, पण तिने चाळीसच ठेवले.

चूल

आता या प्रकल्पातला खरा विचार करायला लावणारा भाग. अंगणातल्या चुलीवर सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापतं. जळण बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या, तुरीच्या काड्या, थोडी बाभूळ. किती जळतं हे घरात कुणालाच सांगता येईना. आजी म्हणाल्या, "असं दोन मोळ्या आठवड्याला." मोळी केवढी हे ज्याच्या त्याच्या डोक्यावर.

तिने ताणकाटा आणला. संध्याकाळी जळणाचा वेगळा ढीग तोलून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेला तोलायचा. असं एकेक आठवडा, पावसाळ्यात, दिवाळीच्या सुमारास आणि थंडीत. पावसाळ्यात ओल्या लाकडाचं वजन जास्त भरत होतं पण ऊब कमी मिळत होती, म्हणून त्या आठवड्यात जळण कोरड्या ओवरीत ठेवून मग तोललं. सरासरी दिवसाला ३ किलो आली, वर्षाला १,०९५ किलो.

हा आकडा खरा वाटतो का, हे तपासायला आम्ही एक उलटं गणित केलं. पाच जणांना मिळून १०० लिटर पाणी, २० अंशांनी तापवायचं. त्याला सुमारे ८.४ मेगाज्यूल उष्णता लागते. तीन किलो लाकडात सुमारे ४७ मेगाज्यूल असते. म्हणजे चुलीची कार्यक्षमता अठरा टक्के. साध्या चुलीची कार्यक्षमता १० ते २० टक्के धरतात, त्यात हे बसलं. असा ताळा जमला की मोजमापावर विश्वास बसतो. पन्नास टक्के आली असती तर ताणकाटा किंवा बादल्यांची मोजणी कुठेतरी चुकली हे लगेच कळलं असतं.

एक किलो लाकूड जळताना सुमारे १.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वर्षाचे १,९१६ किलो. हा आकडा तक्त्यात बेरजेला घेतला तर तोच सगळ्यांत मोठा होतो. घ्यायचा का? उत्तर लाकूड कुठून आलं यावर आहे. सुबाभूळ छाटली की दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेवढीच फुटते. तुरीच्या काड्या दरवर्षीच्या. जो कार्बन जळून गेला तोच नव्या फुटव्यात परत येतो. म्हणून तो इथेनॉलसारखाच वेगळा लिहायचा. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही. पण कुणी डोंगरावरचं झाड मुळासकट तोडून आणत असेल आणि तिथे पुन्हा काही उगवत नसेल, तर तो पूर्ण कार्बन बेरजेत आलाच पाहिजे. तिने वहीत कोणतं जळण कुठल्या बांधावरून आलं हेही लिहिलं, आणि माझ्या मते या प्रकल्पातलं ते सर्वांत मोलाचं पान आहे.

चुलीचं काहीच बेरजेत येत नाही असं मात्र नाही. धुमसणाऱ्या लाकडातून थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतो, तो झाड परत शोषून घेत नाही. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या घरगुती लाकडासाठीच्या गुणकांवरून त्याचा तापवणारा परिणाम लाकडाच्या किलोला साधारण ०.१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे ०.१५ किलो समतुल्य, येतो. वर्षाचे १६४.

म्हैस

म्हैस चारा खाते तेव्हा तिच्या कोठीपोटात मिथेन तयार होतो आणि तो बहुतेक ढेकरांतून बाहेर पडतो. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत म्हशीसाठी वर्षाला ५५ किलो मिथेन दिला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला तर १,५४० किलो होतात. शेणातून आणखी ५ किलो मिथेन, म्हणजे १४०. एकट्या म्हशीचे १,६८० किलो. घरातली वीज, गॅस आणि पेट्रोल एकत्र केलं तर १,७१५ होतात. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला घरातली सगळी ऊर्जा, आणि पारडी जवळजवळ बरोबरीत.

तिने हा आकडा घरी सांगितल्यावर आजींनी विचारलेला प्रश्न तिने जसाच्या तसा वहीत लिहून आणला: "अगं, डेरीला घालतो ते दूध लोकं पितात. ते आपल्या माथी कशाला मारतीस?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांवर लिटर लिहिलेले असतात, तिथून वर्षाचं घातलेलं दूध १,१२० लिटर निघालं. घरात ठेवलेलं अंदाजे ४८० लिटर. एकूण १,६०० लिटर. १,६८० किलो या दुधावर वाटले तर लिटरला १.०५ किलो. घरच्या ४८० लिटरचे ५०४ किलो कुटुंबाच्या बेरजेत, आणि डेअरीला गेलेल्या दुधाचे १,१७६ किलो ते दूध पिणाऱ्यांच्या खात्यात. भाकड काळातला मिथेन आणि रेडकाचा वाटाही सगळा दुधावरच टाकला आहे. हे सोपं करून घेतलेलं आहे, पण लपवलेलं नाही.

मात्र वेगळा लिहिलेला आकडा पुसायचा नाही. कारण तो कुणाच्या खात्यात जातो हा एक प्रश्न आणि तो कमी करणं कुणाच्या हातात आहे हा दुसरा. शहरातल्या पिशवीचं दूध पिणाऱ्याला या म्हशीचा चारा बदलता येणार नाही. या घराला येईल.

तक्ता

| बाब | वर्षाचा वापर | गुणक | वर्षाचे किलो |
|---|---|---|---|
| वीज | १,३२० युनिट | ०.७२ | ९५० |
| दूध, घरात वापरलेलं | ४८० लिटर | १.०५ | ५०४ |
| पेट्रोल, इथेनॉल वगळून | १९५ लिटर | २.२७ | ४४३ |
| एलपीजी | १०८ किलो | २.९८ | ३२२ |
| चूल, मिथेन व नायट्रस ऑक्साइड | १,०९५ किलो लाकूड | ०.१५ | १६४ |
| एसटी | ४,६२० किलोमीटर | ०.०१५ | ६९ |
| बेरीज | | | २,४५२ |
| माणशी | | | ४९० |
| *बेरजेबाहेर:* लाकडातला कार्बन डायऑक्साइड | १,०९५ किलो | १.७५ | १,९१६ |
| *बेरजेबाहेर:* डेअरीला घातलेलं दूध | १,१२० लिटर | १.०५ | १,१७६ |
| *बेरजेबाहेर:* पेट्रोलमधलं इथेनॉल | ४९ लिटर | १.५ | ७४ |

सगळे आकडे कार्बन डायऑक्साइड-समतुल्य किलोत आहेत.

माणशी ४९० किलो बघून पहिली प्रतिक्रिया असते की भारताची सरासरी माणशी दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे आपण फार छान! ही तुलना करू नये. दोन टनांत पोलाद, सिमेंट, रेल्वे, कारखाने, सरकारी इमारती सगळं येतं, तर आपण फक्त घराचा उंबरठा आणि रोजचा रस्ता मोजला. उलट त्या दोन टनांत गोठ्यातला मिथेन नाही. दोन वेगळ्या हद्दींचे आकडे शेजारी ठेवले की काहीही सिद्ध होतं. तुलना करायचीच तर याच पद्धतीने मोजलेल्या वर्गातल्या दुसऱ्या घराशी करावी.

दुसरं, ४९० पुढे दशांश लावू नयेत. वीज आणि इंधनाच्या ओळी काही टक्क्यांत बरोबर आहेत. म्हशीचा गुणक मात्र सर्वसाधारण म्हशीचा आहे, याच म्हशीचा नाही. आयपीसीसीच अशा गुणकात ३० ते ५० टक्क्यांची अनिश्चितता सांगते. म्हणून दुधाची ओळ साडेतीनशेही असू शकते आणि साडेसहाशेही. बेरीज 'सुमारे अडीच टन' एवढीच खरी.

सूचना तक्त्यातून काढून पाहिल्या तेव्हा

तिच्या पहिल्या यादीत दोन सूचना अगदी वर होत्या: गॅसऐवजी इंडक्शन आणि चुलीऐवजी गीझर. दोन्ही आधुनिक, धूर नसलेल्या. मी तिला एवढंच सांगितलं की प्रत्येक सूचनेपुढे किती किलो वाढतात किंवा घटतात ते लिही, मग यादीत ठेव.

इंडक्शनचं असं झालं. १०८ किलो एलपीजीत सुमारे ५,१०० मेगाज्यूल ऊर्जा आहे. गॅसच्या शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्यात जाते, म्हणजे ३,३२०. इंडक्शन चांगलं, ८५ टक्के कार्यक्षम. तेवढीच उष्णता भांड्यात घालायला ३,९०० मेगाज्यूल वीज, म्हणजे १,०८५ युनिट. गुणिले ०.७२, झाले ७८१ किलो. गॅसचे ३२२ होते. इंडक्शन स्वतः कार्यक्षम आहेच, पण ज्या कोळशावर ती वीज तयार होते त्यातल्या उष्णतेचा मोठा भाग वीज केंद्रातच निघून जातो. युरोपात जलविद्युत किंवा अणुऊर्जेवर चालणाऱ्या घरात हीच सूचना बरोबर असते. कराडजवळच्या घरात, आजच्या ग्रिडवर, ती दुपटीहून जास्त कार्बन टाकते.

गीझरचंही तेच. रोजचं शंभर लिटर पाणी विजेवर तापवायला २.३ युनिट, वर्षाला ८५० युनिट, ६१२ किलो. चुलीचे बेरजेतले १६४. फरक जवळजवळ साडेचारशे किलोचा, आणि तोही वाढीचा. इथे मी तिला एक वाक्य मुद्दाम घालायला लावलं: याचा अर्थ चूल चांगली असा नाही. त्या धुरात रोज सकाळी आजी आणि आई बसतात आणि फुप्फुसांचं नुकसान या तक्त्यात कुठेच येत नाही. कार्बनचा तक्ता फक्त कार्बन सांगतो. म्हणून उपाय चूल आणि गीझर या दोन्हींच्या बाहेरचा हवा, आणि तो म्हणजे छतावरचा सोलर बंब. आपल्याकडे ऐन पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर तो अंघोळीचं पाणी देतो. किलोत बचत १३५ च्या आसपास, म्हणजे थोडीच. पण नऊशे किलो लाकूड वाचतं आणि दहा महिने धूर थांबतो.

| सूचना | बदल, वर्षाला किलो |
|---|---|
| गॅसऐवजी इंडक्शन | +४६० |
| चुलीऐवजी विजेचा गीझर | +४५० |
| छतावर १ किलोवॅट सोलर पॅनेल | −९४० |
| जास्त चालणारे दोन पंखे बदलणे | −१६० |
| वडिलांची मोटारसायकल विजेवर | −१३५ |
| सोलर बंब | −१३५ |
| आईची स्कूटर विजेवर | −५५ |

पंख्यांची सूचना मला विशेष आवडली, कारण ती घरात लगेच मान्य झाली. घरातले पंखे जुने, ७५ वॅटचे. बीएलडीसी पंखा त्याच वाऱ्याला ३० वॅट घेतो. सगळे चार बदलायची गरज नाही. माजघरातला आणि आजींच्या खोलीतला हे दोन मिळून दिवसाला अठरा तास चालतात, वर्षात सुमारे २७० दिवस. ४५ वॅटचा फरक, वर्षाला २१९ युनिट. महिन्याचा वापर ११० वरून ९२ वर येतो. घरगुती बिलात शंभर युनिटपुढे दुसरा, महाग टप्पा सुरू होतो. वडिलांना कार्बनपेक्षा हा टप्पा लवकर पटला, आणि पंखे तेवढ्यावरच आले.

विजेच्या दुचाकीची बचत पाहून ती थोडी निराश झाली होती. पेट्रोलची मोटारसायकल किलोमीटरला ३६ ग्रॅम, विजेची २२ ग्रॅमच्या आसपास. किलोमीटरला ०.०३ युनिट धरून. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही, कारण पुन्हा तीच कोळशाची वीज. शिवाय चालती गाडी मोडीत काढून नवी बनवायलाही कार्बन लागतो. म्हणून तिने 'गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा' असं लिहिलं. एसटीचे १५ ग्रॅम या दोन्हींपेक्षा कमी आहेत, पण वडिलांच्या पाळीच्या वेळेला गाडी नाही.

सोलर पॅनेल ही एकच सूचना विजेची जवळजवळ पूर्ण ओळ पुसते. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी साडेतीन ते चार युनिट देतं, वर्षाला १,३०० धरली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलला दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे. उरलेला खर्च या घराला लगेच झेपणारा नाही, त्यामुळे तिने ती सूचना खर्चासकट वेगळी ठेवली.

गोबरगॅस: नीट केला तरच

गोठ्यासाठी पहिली सूचना गोबरगॅसची असणार हे उघडच होतं. एक म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, त्यातून ०.६ घनमीटर गॅस. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ०.४५ किलो एलपीजी. वर्षाला सुमारे ९९ किलो एलपीजीइतका. कागदावर स्वयंपाकाचा गॅस जवळपास सगळाच सुटतो. पण लहानात लहान, एक घनमीटरच्या संयंत्रालाच रोज २५ किलो शेण लागतं. एका म्हशीवर ते कायम अर्धपोटी राहतं आणि गॅसचा दाब येत नाही. शेजारच्या गोठ्यातलं शेण मिळालं तरच हे जमेल, आणि शेण देणाऱ्याला त्याबदल्यात स्लरी द्यायला हवी. ही बोलणी तिच्या आईने सुरू केली आहेत.

दुसरी गोष्ट कमी ठाऊक आहे. गोबरगॅसमध्ये साठ टक्के मिथेन असतो. एक घनमीटर गॅस न जळता हवेत गेला तर ११ किलो समतुल्य. तोच नीट जाळून एलपीजी वाचवला तर बचत १.३४ किलो. म्हणजे बनलेल्या गॅसपैकी अकरा टक्के जरी गळला तरी सगळा फायदा संपतो. गावात अशी कितीतरी संयंत्रं आहेत जी बांधली गेली, टोपी गंजली, पाइपाचा सांधा सैल झाला आणि तशीच फसफसत राहिली. म्हणून तिने सूचनेतच तपासणी लिहिली: महिन्यातून एकदा सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की गळती. आणि वापर बंद करायचा असेल तर शेण घालणंही बंद करायचं.

चाऱ्याबद्दल तिने जास्त दावा केला नाही, ते योग्यच केलं. नुसता कडबा आणि उसाचं वाढं यावर असलेल्या म्हशीला हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण यांचा मेळ घातला की दूध वाढतं आणि भाकड काळ कमी होतो. म्हशीचा वर्षाचा मिथेन फारसा बदलत नाही, पण तो जास्त लिटरवर वाटला जातो. वर्षाला १,६०० ऐवजी १,९०० लिटर दूध मिळालं तर लिटरचे १.०५ वरून ०.८८ वर येतील. हा बदल डेअरीच्या बिलांवर दिसेल, कुठलंही यंत्र लागणार नाही.

पुढच्या वर्षी मोजताना

धाकट्या भावाला पुढे हाच प्रकल्प करायचा आहे, म्हणून वहीच्या शेवटी तिने त्याच्यासाठी टीप लिहिली. दोन वर्षांची तुलना करताना विजेचा गुणक जुनाच, ०.७२, दोन्ही वर्षांना लावायचा. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढते आहे, त्यामुळे प्राधिकरणाचा आकडा हळूहळू खाली येईल. नवा आकडा नव्या वर्षाला लावला तर घरात कुणी काही न करताही वीज 'कमी' झालेली दिसेल आणि पंख्यांनी खरंच किती वाचवलं ते कळणार नाही. नव्या गुणकाची ओळ खाली वेगळी लिहायची. आणि तो आकडा पुरेसा खाली आला की इंडक्शनचं गणित पुन्हा करायचं. युनिटला ०.३० च्या खाली गेला तर इंडक्शन गॅसपेक्षा कमी कार्बनमध्ये सुटेल. हा आकडाही तिने स्वतःच काढला: ३२२ भागिले १,०८५.